अमेरिकेतून आणलेल्या मायक्रोवेव्हच्या पाटीचा फोटो टाकतोय, नाशिकात चालेल का?

मुक्काम_नाशिक
नमस्कार मंडळी. नऊ वर्षं न्यू जर्सीत काढून आम्ही कायमचे परत आलो. कंटेनर गेल्या आठवड्यात पोचला. त्यात आमचा मायक्रोवेव्ह आहे, जेमतेम दोन वर्षं वापरलेला. बायकोचं म्हणणं, व्होल्टेज कमी करणारा एक स्टेपडाउन आणला की झालं. भावाचं म्हणणं, भंगारात घाला. पाटीचा फोटो टाकतोय. मागच्या बाजूची पाटी आहे आणि जागा अडचणीची होती, त्यामुळे हलला आहे. समोर दारावर मोठ्या अक्षरांत १००० वॅट लिहिलंय. म्हणजे हजाराचा स्टेपडाउन पुरेल ना?

भेळभत्ता
पुरेल की. मी तर म्हणतो बाराशेचा घ्या, थोडी जागा असलेली बरी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात मिळेल. स्टेपडाउन लावला की आत अमेरिका, बाहेर भारत. विषय संपला.

गुंडाळी
विषय अजून सुरूही झालेला नाही. सांगलीला तीस वर्षं मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर गुंडाळलेत, आता दुकान मुलगा बघतो. नाशिककर, तुमच्या फोटोत मला फक्त तुमचा अंगठा आणि मोबाइलचा फ्लॅश दिसतोय. मायक्रोवेव्हचं दार उघडा. बऱ्याच मॉडेलना दाराच्या आतल्या चौकटीवरही तीच पाटी चिकटवलेली असते. फ्लॅश बंद करा, बाजूने टॉर्च मारा आणि मग फोटो घ्या. सीरियल नंबरवर बोट ठेवा, तो आम्हाला नको. आणि दारावरची जाहिरात विसरा, पाटीवर काय आहे ते शब्दशः टंका.

मुक्काम_नाशिक
काका, सापडली. आतल्या चौकटीवरच होती. जशी आहे तशी लिहितो: १२० व्होल्ट, पुढे एक नागमोडी रेघ, ६० हर्ट्झ. खाली इनपुट १५०० वॅट, १३ अँपिअर. त्याखाली आउटपुट १००० वॅट. सगळ्यात खाली २४५० मेगाहर्ट्झ.

पिंपळपान
अरे वा, फ्रिक्वेन्सी २४५० लिहिली आहे म्हणजे आपल्या ५० चा प्रश्नच नाही. कुठेही चालेल.

गुंडाळी
पिंपळपान, २४५० मेगाहर्ट्झ हे आतल्या लहरींचं आहे, ज्यांनी दूध तापतं. जगातल्या घरगुती मायक्रोवेव्हवर बहुतेक तोच आकडा दिसेल. भिंतीतून येणाऱ्या विजेशी त्याचा संबंध नाही. आपल्याला बघायचंय व्होल्टच्या शेजारी लिहिलेलं ६०. त्याच्यामागे ५० नाही, तिरकी रेघ नाही, काही नाही. नुसतं ६०. खरी अडचण तिथे आहे.

आधी वॅट. दारावरचे १००० म्हणजे अन्नाला मिळणारी ताकद. भिंतीतून खेचले जातात १५००. उरलेले ५०० आतल्या आत गरम होण्यात जातात. स्टेपडाउन निवडताना मी वॅटसुद्धा बघत नाही, अँपिअर बघतो. १३ गुणिले १२० म्हणजे १५६०. त्यावर थोडी जागा सोडायची, म्हणजे दोन हजार व्हीएच्या आतला घ्यायचाच नाही. हजाराचा घेतलात तर पहिल्या उपम्यालाच वास येईल. आणि तो स्टेपडाउन आपल्या बाजूने साडेसहा-सात अँपिअर ओढणार, त्यामुळे मिक्सर-टीव्हीच्या छोट्या सॉकेटमध्ये नको. गिझरला असतो तसा १६ अँपिअरचा पॉइंट लागेल.

हे सगळं केलंत तरी व्होल्टच बदलले. साठाचे पन्नास स्टेपडाउनला करता येत नाहीत, पन्नास आत गेले तर पन्नासच बाहेर येतात. तिथे भेळभत्ता यांची गाडी घसरली.

भेळभत्ता
मान्य, चूक झाली. पण काका, दहाचाच तर फरक आहे. माझा दाढीचा ट्रिमर, लॅपटॉप, कॅमेऱ्याचा चार्जर, सगळं तिकडून आणलं आणि बिनधास्त चालतंय.

गुंडाळी
त्या सगळ्यांच्या पाट्या वाचा. १०० आडवी रेघ २४० व्होल्ट, ५० तिरकी रेघ ६० हर्ट्झ, असंच असणार. आडवी रेघ म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत मधलं काहीही चालेल. ते चार्जर आलेली वीज आधी सरळ करून घेतात आणि मग आपल्या मर्जीने वापरतात, त्यामुळे त्यांना ५० काय आणि ६० काय. नुसती पिन बदलायची. पण पाटीवर ११५ तिरकी रेघ २३० असं दिसलं तर सावध व्हा. तिथे दोनपैकी एक निवडायचं असतं आणि मागे कुठेतरी छोटा सरकवायचा स्विच असतो. तो ११५ वर राहिला आणि इथे लावलात, की फट्.

सुपारी
माझ्या बहिणीचं केस सरळ करायचं यंत्र असंच गेलं. पाटीवर फक्त १२०. दुकानदाराने पिनचा अडॅप्टर दिला आणि म्हणाला चालेल. अर्ध्या मिनिटात प्लास्टिक वितळलं. व्होल्टेज दुप्पट म्हणजे वॅट दुप्पट झाले असतील ना?

गुंडाळी
सुपारीताई, दुप्पट नाही, जवळजवळ चौपट. तापणाऱ्या तारेला दुप्पट व्होल्ट दिले की तिच्यातून करंटही दुप्पट जातो आणि वॅट म्हणजे दोन्हींचा गुणाकार. केस वाचले हे नशीब.

जपानी_मावशी
काकांच्या ६० च्या मुद्द्यावर मला माझं सांगायचंय. आम्ही ओसाकाला होतो, मग योकोहामाला बदली झाली. एकाच देशात, एकाच १०० व्होल्टवर. सामान बांधताना तिथल्या शेजारीणबाईंनी आमच्या जुन्या मायक्रोवेव्हची पाटी दाखवली. त्यावर लिहिलं होतं, फक्त ६० हर्ट्झसाठी. जपानच्या पश्चिमेला ६० आणि पूर्वेला ५०. १८९० च्या दशकात तोक्योने जर्मनीची जनित्रं घेतली, ओसाकाने अमेरिकेची, आणि ते भांडण आजतागायत मिटलेलं नाही. आम्ही तो मायक्रोवेव्ह ओसाकालाच देऊन टाकला. नवा घेतला तो इन्व्हर्टरवाला, पाटीवर ५०-६० दोन्ही. तेव्हा मला हे वेडेपणाचं वाटलं होतं. दहाने असं काय होतं, हे आजही मला नीट कळलेलं नाही.

गुंडाळी
मावशी, तुमच्या शेजारणीला माझा नमस्कार सांगा. दहाने काय होतं ते सांगतो.

साध्या मायक्रोवेव्हच्या पोटात लोखंडाच्या पट्ट्यांचा एक जड ट्रान्सफॉर्मर असतो. वीज दर सेकंदाला साठ वेळा फेऱ्या मारते आणि प्रत्येक फेरीत त्या लोखंडाला चुंबक करून परत सोडते. पन्नास फेऱ्या झाल्या की प्रत्येक फेरी लांबते, म्हणजे लोखंडाला दर फेरीत जास्त चुंबकत्व सोसावं लागतं. किती जास्त, ते काढायची आमची दुकानातली रीत सोपी आहे: व्होल्टला हर्ट्झने भागा. तुमची पाटी म्हणते १२० भागिले ६०, म्हणजे २. नाशिकात अचूक १२० दिलेत तर १२० भागिले ५० म्हणजे २.४. वीस टक्के जास्त. लोखंडाची सोसायची एक हद्द असते. त्यापुढे ते चुंबक होत नाही, नुसतं करंट पितं, तापतं आणि घुमतं. आणि मायक्रोवेव्हच्या कारखान्यात खर्च वाचवायला लोखंड आणि तांबं इतकं मोजून घातलेलं असतं की ते मुळातच हद्दीला टेकलेलं असतं. पाण्याच्या पंपाच्या मोटारीत थोडी ढील असते, इथे नसते.

त्यात भर म्हणजे आतला पंखाही त्याच साठावर फिरायला केलेला. पन्नासवर तो हळू फिरतो. तापणं वाढलं आणि गार करणारा मंदावला.

मुक्काम_नाशिक
मग काका, १०० व्होल्टचा स्टेपडाउन घेतला तर? १०० भागिले ५० परत २ येतात!

गुंडाळी
शाब्बास. साध्या ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या बऱ्याच वस्तूंसाठी हीच युक्ती मी सांगतो. म्हणूनच बाजारात २३० चे ११० करणारे मिळतात ते १२० वाल्यांपेक्षा आपल्याला बरे पडतात. फक्त हे लक्षात ठेवा की २३० चे ११० हे गुणोत्तर आहे. तुमच्याकडे रात्री २४५ येत असेल तर बाहेरही ११७ येणार.

पण मायक्रोवेव्हला ही युक्ती पुरत नाही. लहरी तयार करणारी जी नळी असते, मॅग्नेट्रॉन, तिच्यातली तार त्याच ट्रान्सफॉर्मरच्या एका छोट्या गुंडाळीवर तापते. १०० दिलेत की ती नीट तापत नाही, नळी अडखळते आणि लवकर म्हातारी होते. १२० दिलेत की लोखंड तापतं. इकडे आड, तिकडे विहीर.

बेळगावकर_भाऊ
काकांचा अनुभव मोठा आहे, पण मी माझा अमेरिकन मायक्रोवेव्ह बेळगावात तीन वर्षं दोन केव्हीएच्या स्टेपडाउनवर चालवला. पाटी अगदी हीच, १२० आणि नुसतं ६०. एका वेळी दोन मिनिटं, त्याहून जास्त नाही. आवाज जरा जास्त यायचा. पोळी, आमटी, भात सगळं गरम व्हायचं. शेवटी दाराची कडी तुटली म्हणून टाकला, जळला म्हणून नाही. तेव्हा एवढं घाबरवू नका.

गुंडाळी
भाऊ, खोटं म्हणत नाही. प्रत्येक कंपनीच्या लोखंडात फरक असतो, आणि दोन मिनिटांत गाभा पुरता तापायला वेळही मिळत नाही. माझ्या दुकानात मात्र असे तीन आले होते आणि तिघांचीही प्राथमिक गुंडाळी काळी पडलेली होती. चाललेले माझ्याकडे कशाला येतील, हेही खरंच. पाटीवर नाही ते चालवायचं तर आपल्या जबाबदारीवर, आणि जवळ उभं राहून.

कोकणकन्या_२
माझी गोष्ट थोडी वेगळी आहे, इथेच विचारते. मिस्टर दम्मामला होते. त्यांनी आणलेल्या मायक्रोवेव्हची पाटी म्हणते २२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. रत्नागिरीत व्होल्टेज जुळतंय म्हणून सरळ लावला. सहा महिने चालतोय, पण कण्हल्यासारखा आवाज करतो आणि पाठीमागे हात लावला तर चटका बसतो. आमच्या आळीत निम्म्या घरांत आखातातून आलेल्या वस्तू आहेत, दुबईवाल्यांच्या वस्तूंना काही होत नाही.

गुंडाळी
ताई, दुबईला ५० हर्ट्झ आहे, आपल्यासारखंच. सौदीत ६०. व्होल्ट जुळले म्हणून माणूस फसतो ते इथेच. तुमचा हिशोब नाशिककरांपेक्षा वाईट आहे. पाटीप्रमाणे २२० भागिले ६० म्हणजे ३.६७, आणि तुम्ही देताय २३० भागिले ५० म्हणजे ४.६. पंचवीस टक्के जास्त. कण्हणं आणि चटका ही त्याचीच लक्षणं. मी तुमच्या जागी असतो तर आजपासून बंद ठेवला असता. आणि सौदीचा फ्रिज आळीत कुणाकडे असेल तर त्याचीही पाटी बघून घ्या, त्यातल्या कॉम्प्रेसरची मोटारसुद्धा फेऱ्यांवरच चालते.

कोकणकन्या_२
फ्रिज सासूबाईंच्या घरी आहे. आता त्यांना कोण सांगणार!

सायबर_सखाराम
आतला ट्रान्सफॉर्मरच बदलून टाकला तर? २३० व्होल्ट ५० हर्ट्झचा सुटा मिळतो. चार स्क्रू, चार वायर.

गुंडाळी
सखाराम, चार स्क्रू काढल्यावर आत एक कपॅसिटर दिसतो. तो दोन हजार व्होल्टच्या घरात भरलेला असतो आणि पिन काढल्यावरही भरलेला राहू शकतो. मायक्रोवेव्ह उघडून गेलेले लोक आहेत. आणि ट्रान्सफॉर्मर बदललात तरी पंखा, तबकडीची मोटार, दिवा, बोर्ड हे सगळे १२० वालेच राहिले. त्यांना पुन्हा वेगळा स्टेपडाउन. करायचं असेल तर जाणकाराकडून, आणि त्या पैशात इथला नवा येईल.

अटलांटाची_ताई
माझं उलटं आहे. पुढच्या महिन्यात आईचा मिक्सर अटलांटाला न्यायचाय. पाटीवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ७५० वॅट. तिकडे ६० आहे, म्हणजे माझाही मोडणार का?

गुंडाळी
नाही मोडणार. मिक्सरची मोटार कार्बन ब्रशवाली असते, ती फेऱ्यांची पर्वा करत नाही. सुरू असताना मागच्या जाळीतून निळसर ठिणग्या दिसतात आणि आवाज कर्कश असतो, ही तिची ओळख. स्टेपअप मात्र लागेल, हजाराच्या वरचा. सुरू होताना मिक्सर जोरात ओढतो, त्यामुळे मी तर दीड हजाराचा घेईन.

नाशिककर, तुम्हाला एक फुकटचा प्रयोग सांगू का? कुणाकडे छोटा स्टेपडाउन असेल तर आणा. मायक्रोवेव्हचं दार उघडंच ठेवा, म्हणजे चुकूनही सुरू होणार नाही. नुसतं घड्याळ लावा आणि मोबाइलशी ताडून बघा. घड्याळ आणि दिव्याला तेवढा स्टेपडाउन भरपूर आहे.

मुक्काम_नाशिक
शेजारच्या मुलाकडे गेम खेळायच्या जुन्या यंत्रासाठी तीनशे वॅटचा होता, तो आणला. बरोबर सातला घड्याळ सातवर लावलं. मोबाइलवर आठ वाजले तेव्हा मायक्रोवेव्हमध्ये ७:५० झाले होते. काका, आम्ही घरी नुसता धिंगाणा घातला. बायकोने दोनदा लावून बघितलं, तिला वाटलं मीच चुकीचं लावलं. दुसऱ्यांदाही तेच, तासाला दहा मिनिटं मागे.

गुंडाळी
ते घड्याळ विजेच्या फेऱ्या मोजतं. साठ फेऱ्या झाल्या की त्याच्या लेखी एक सेकंद. तुम्ही पन्नासच देताय, मग त्याला सेकंद पुरा करायला जास्त वेळ लागतो. स्वयंपाकाचा टायमरही तसाच, एक मिनिट लावलंत तर बहात्तर सेकंद चालेल. पाटीवरचं ६० आता डोळ्यांनी दिसलं ना?

पण याचा उलटा अर्थ काढू नका. काही बोर्ड सुरू होताना स्वतःच ५० की ६० ते ओळखतात, त्यांचं घड्याळ बरोबर चालतं. तरी ट्रान्सफॉर्मर तोच असतो. घड्याळ चुकलं तर यंत्र साठाचं आहे हे पक्कं, घड्याळ जुळलं तर काहीच सिद्ध होत नाही.

बेळगावकर_भाऊ
माझ्यात घड्याळ नव्हतं, फिरवायची चकती होती. आता कळलं, भात नेहमी जरा जास्त का तापायचा.

जपानी_मावशी
भाऊ, की ताकद कमी आणि वेळ जास्त म्हणून बरोबर तापायचा? काका, पन्नासवर ताकदही कमी पडते ना?

गुंडाळी
पडते. दर फेरीला कपॅसिटर ठरावीकच ऊर्जा पुढे देतो, फेऱ्या कमी म्हणजे एकूण कमी. पण लोखंड हद्दीबाहेर गेल्यावर हिशोब वाकडा होतो, त्यामुळे भाऊंच्या भाताचं गणित मी सोडवणार नाही.

मुक्काम_नाशिक
ठरलं. मायक्रोवेव्ह लावायचा नाही. दार घट्ट बसतं आणि मुंग्या जात नाहीत, म्हणून आई सध्या त्यात भाकऱ्या आणि गूळ ठेवते. आता पुढचं खोकं उघडलंय, त्यात केक फेटायचा उभा मिक्सर आहे. पाटी त्याच्या बुडाशी आहे, या वेळी फोटो नीट आलाय: १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, ३२५ वॅट. काका, ठिणग्या बघायला तो लावावा लागेल, आणि लावू का तेच विचारतोय.

गुंडाळी
लावू नका. मोटारीच्या दोन्ही बाजूंना आठ आण्यांएवढी काळी स्क्रूची टोपणं आहेत का बघा, ब्रश त्यांच्या मागे असतात. टोपणं दिसली की तिन्ही बाजूंनी फोटो टाका. दिसली नाहीत तर नुसत्या पाटीवरून मलाही सांगता येणार नाही.